मेसेजसमोर घड्याळ दिसतंय? मग पुन्हा टाइप करू नका

प्रश्न: भाऊ, रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला आमची केळीची बाग आहे. घडांचे फोटो नि भावाचा मेसेज व्हॉट्सॲपवर व्यापाऱ्याला टाकतो, तर कधी नुसतं घड्याळ दिसत राहतं, कधी लाल खूण येते. त्याचे फोटो मला येतात, माझे जात नाहीत. परत पाठवलं तर त्याला दोन-दोनदा जातं. त्यानं मला ब्लॉक केलंय का? काय करायचं?

उत्तर:

ब्लॉकची शंका आधी काढून टाका. ब्लॉक केलेल्या माणसाला पाठवलेल्या मेसेजसमोर एक राखाडी टिक येते आणि ती एकच राहते. ब्लॉकमुळे घड्याळ कधीच दिसत नाही, कारण तो मेसेज तुमच्या फोनमधून निघून व्हॉट्सॲपच्या सर्व्हरपर्यंत पोचलेला असतो. पुढे तो समोरच्याला दिला जात नाही, एवढंच. तुमच्याकडे घड्याळ दिसतंय म्हणजे मेसेज अजून तुमच्याच खिशात आहे. व्यापाऱ्याचा फोन बंद असो, त्याचा रिचार्ज संपलेला असो की तो तुमच्यावर नाराज असो, घड्याळाशी त्याचा काही संबंध नाही.

या खुणा म्हणजे मेसेज वाटेत कुठवर गेला त्याची नोंद आहे, अशाच वाचायच्या. घड्याळ म्हणजे तुमच्या फोनमध्ये. एक टिक म्हणजे सर्व्हरवर. दोन राखाडी टिक म्हणजे समोरच्याच्या फोनमध्ये. दोन निळ्या म्हणजे त्यानं उघडून पाहिला, पण त्यानं ती सोय बंद ठेवली असेल तर वाचूनही टिक निळ्या होत नाहीत. एका टिकेवर अडकलेला मेसेज सर्व्हर ३० दिवसांपर्यंत सांभाळतो. त्यामुळे एक टिक आली की तुमच्याकडून करण्यासारखं काही उरत नाही. फोन बंद केला तरी चालतं.

घड्याळ आणि लाल खूण यांत लोक सगळ्यात जास्त गल्लत करतात, आणि दोन-दोन मेसेज जातात ते त्यामुळेच. घड्याळ म्हणजे व्हॉट्सॲपनं अजून प्रयत्न सोडलेला नाही. नेट मिळालं की तो मेसेज आपोआप जाणार, तुम्ही हात लावा किंवा लावू नका. लाल खूण म्हणजे प्रयत्न थांबलाय, आता तुम्ही सांगितल्याशिवाय तो जाणार नाही. म्हणून घड्याळ असताना तोच मजकूर पुन्हा टाइप केला तर रांगेत दोन मेसेज उभे राहतात आणि नेट आलं की दोन्ही जातात. लाल खुणेवर मात्र नुसती वाट पाहत बसून उपयोग नाही.

आता त्याचे फोटो येतात आणि तुमचे जात नाहीत, ते का? डोंगराच्या कडेच्या गावांत ही तक्रार नेहमीची आहे. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीनं बोलतो, तुमचा फोन साधारण वॅटच्या पाचव्या हिश्श्यानं. त्यामुळे टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, पण तुमचं त्याला नीट पोचत नाही. स्क्रीनवरच्या काड्या टॉवरकडून फोनला काय मिळतंय तेवढंच दाखवतात, तुमचं तिकडे काय पोचतंय ते नाही. वर उंच केळीची दाट बाग, पाण्यानं भरलेली खोडं आणि पानं, त्यात पाऊस किंवा नुकतं दिलेलं पाणी. ओल्या पाल्यातून सिग्नल बराच कमी होतो. बागेच्या मधोमध उभं राहून फोटो पाठवण्यापेक्षा बांधावर, रस्त्यावर किंवा विहिरीच्या काठावरच्या मोकळ्या उंच जागी या. दहा-वीस पावलांनीही फरक पडतो. तिथे आल्यावर एरोप्लेन मोड चालू करून साधारण १० सेकंद थांबा आणि बंद करा. त्यानं फोन जुन्या टॉवरला चिकटून न राहता जवळचा टॉवर नव्यानं शोधतो.

दुसरी शक्यता रिचार्जची. तुमचा पॅक रोज दीड किंवा दोन जीबीचा असेल, तर तो संपल्यावर नेट बंद पडत नाही, बहुधा ६४ केबीपीएसवर येतं. लोकांना वाटतं नेट चालू आहे, कारण साधा मेसेज झटकन जातो. फोटो मात्र घड्याळावर बसतात. हिशोब करून पाहा. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ केबी. व्हॉट्सॲप नेहमीच्या दर्जात फोटो दाबून पाठवतं, तो साधारण २०० केबीचा होतो, म्हणजे २५ सेकंद. असे सहा फोटो म्हणजे अडीच मिनिटं, तीही लाइन अजिबात तुटली नाही तर. तेच फोटो HD निवडून पाठवले आणि एकेक १ एमबीचा धरला, तर सहांना तेरा मिनिटांच्या आसपास. आणि कुणी ‘स्पष्ट दिसावं’ म्हणून ५ एमबीचा मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून टाकला, तर त्या एकट्यालाच साडेदहा मिनिटं. सिग्नल कच्चा असला की यात मध्येच तुटतं आणि वेळ आणखी वाढतो. पॅक संपलाय का हे सिम कंपनीच्या ॲपमध्ये दिसतं. रोजचा कोटा बहुधा रात्री १२ वाजता नव्यानं मिळतो. तोवर HD बंद ठेवा. ही सोय Settings मध्ये Storage and data या पानावर Media upload quality नावानं आहे, तिथे Standard ठेवायचं.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फोटोखाली लिहिलेली ओळ हा स्वतंत्र मेसेज नसतो, ती फोटोबरोबरच प्रवास करते. फोटो आधी सर्व्हरवर पूर्ण चढतो, मग ओळीसकट मेसेज पुढे जातो. तुम्ही ‘पिलबाग, ९० क्विंटल, १४०० ला जमेल’ असं फोटोखाली लिहिलंत, तर भावसुद्धा फोटोसोबत घड्याळावर अडकला. भाव, क्विंटल आणि कटाईची वेळ नेहमी वेगळ्या साध्या मेसेजमध्ये लिहा, फोटो नंतर टाका. साध्या मजकुराचा आकार फोटोच्या तुलनेत काहीच नसतो, त्यामुळे तो तुटक्या लाइनवरही निघून जातो. त्यातला धोका एवढाच की तो फोटोंच्या आधी पोचतो. म्हणून ‘वरच्या फोटोतला माल’ असं लिहू नका, कुठल्या बागेचा नि किती ते मजकुरातच असू द्या.

कारण नेमकं कुठलं ते ओळखायचा सोपा मार्ग असा. व्हॉट्सॲपमध्ये स्वतःच्याच नंबरची चॅट असते, नवीन चॅट उघडली की यादीत तुमचं नाव Message yourself या ओळीसकट दिसतं. तिथे एक अक्षर पाठवा. त्यावरही घड्याळ आलं, तर अडचण नेटची आहे किंवा फोनच्या सेटिंगची. तिथे टिक आली आणि व्यापाऱ्याकडच्या फोटोवर मात्र घड्याळ आहे, तर मजकूर जाण्याइतकं नेट आहे आणि फोटोचं वजन नडतंय. मग वर सांगितलेले कोटा आणि HD हे दोन मुद्दे तपासा.

स्वतःलाही मेसेज जात नसेल तर या क्रमानं बघा. वायफाय चालू आहे का? दुकानातल्या किंवा घरच्या राउटरला फोन जोडलेला असतो, पण राउटरलाच नेट नसतं, आणि फोन मोबाइल डेटाकडे वळत नाही. वायफाय बंद करून पाहा. दोन सिम असतील तर डेटा कुठल्या सिमवर लावलाय ते बघा. जुन्या सिमचा रिचार्ज संपलाय आणि डेटा त्यावरच, असं सर्रास घडतं. फोनची तारीख-वेळ चुकलेली असली तरी व्हॉट्सॲप सर्व्हरशी जोडलं जात नाही, तेव्हा ‘तारीख चुकीची आहे’ अशी सूचना स्क्रीनवर येते. तारीख-वेळ आपोआप नेटवर्कवरून घेण्याची सोय चालू करा.

आणि बॅटरी वाचवणारी सेटिंग. घड्याळ फक्त व्हॉट्सॲप उघडं असतानाच सुटतं आणि स्क्रीन बंद केली की थांबतं, असं दिसलं तर कारण हेच. फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्सच्या यादीत व्हॉट्सॲपचं पान उघडा. बॅटरीच्या ओळीत Unrestricted निवडा आणि डेटाच्या ओळीत बॅकग्राउंड डेटा चालू ठेवा. कंपनीनुसार शब्द थोडे बदलतात. विवो, ओप्पो, शाओमीमध्ये हे पान जरा आडवळणानं सापडतं, पण असतं नक्की. तोवर साधा उपाय म्हणजे टिक येईपर्यंत ती चॅट उघडी ठेवायची, फोन खिशात टाकायचा नाही.

आता लाल खूण. मजकुराच्या मेसेजसमोर ती उद्गारचिन्हाच्या रूपात येते. तिच्यावर बोट ठेवलं की पुन्हा पाठवायचा पर्याय मिळतो. आयफोनवर तो Try Again असा दिसतो. फोटो आणि व्हिडिओवर बहुधा वर जाणाऱ्या बाणासोबत Retry असं लिहिलेलं येतं, त्यावरच टॅप करायचं. यानं अडकलेला तोच मेसेज पुन्हा पाठवला जातो, म्हणून समोरच्याला तो एकदाच दिसतो. तुम्ही गॅलरीतून फोटो नव्यानं निवडून पाठवलात आणि जुन्यावर नंतर Retry दाबलंत, तर दोनदा जाणारच. नव्यानं पाठवायचंच असेल तर आधी लाल खुणेचा मेसेज चॅटमधून डिलीट करा.

Retry दाबल्यावर क्षणात परत लाल होत असेल तर दहा वेळा दाबत बसू नका, कारण दूर झाल्याशिवाय ते जाणार नाही. नेट सोडून दोन कारणं इथे सापडतात. एक, फोनची जागा भरलेली. व्हॉट्सॲपला फोटो-व्हिडिओची दाबलेली प्रत आधी फोनमध्येच बनवावी लागते, जागाच नसेल तर काम तिथेच थांबतं. निदान एक जीबी मोकळी असू द्या. शुभ सकाळचे व्हिडिओ डिलीट केले तरी तेवढी होते. दोन, मूळ फाइलच गेलेली. फोटो काढला, पाठवला, लाल झाला, मध्ये कुणीतरी गॅलरी साफ केली, तर Retry ला पाठवायला काही उरलेलं नसण्याची शक्यता असते. अशा वेळी तो मेसेज डिलीट करून नवा फोटो काढणं बरं.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. घड्याळ हटत नाही म्हणून व्हॉट्सॲप काढून परत टाकायचं, किंवा ॲपच्या पानावर जाऊन Clear storage दाबायचं. घड्याळावरचे मेसेज फक्त तुमच्या फोनमध्ये असतात, सर्व्हरवर त्यांचा पत्ता नसतो. ते तर जातातच, वर शेवटच्या बॅकअपनंतरची सगळी बोलणीही जातात. बॅकअप लावलेलाच नसेल तर सगळी चॅट जाऊ शकते. Clear cache दाबलं तर काही बिघडत नाही, फोन बंद-चालू केला तरी मेसेज राहतात. दोन्ही बटणं शेजारी असतात म्हणून सांगितलं.

खरं नुकसान मात्र न गेलेल्या मेसेजपेक्षा उशिरा गेलेल्या मेसेजनं होतं. समजा शुक्रवारी संध्याकाळी ५ ला तुम्ही बागेतून सहा फोटो पाठवले आणि एका फोटोखाली लिहिलं, ‘उद्या सकाळी कटाई, ७ ला गाडी पाठवा, १४००’. घड्याळ. साडेसहाला रस्त्यावर आलात, फोटो अजून अडकलेलेच, म्हणून फोनवर बोललात. व्यापारी म्हणाला, उद्या गाडी नाही, रविवारी करू, भाव १३५०. ठरलं. तुम्ही फोटोंचं विसरलात. रात्री १० ला घरी आल्यावर फोन घरच्या वायफायला जोडला गेला आणि सगळे फोटो त्या ओळीसकट निघाले. त्याच्या फोनवर तो मेसेज तुमच्या बोलण्यानंतरचा म्हणून पडतो. त्याचा माणूस तो बघतो आणि शनिवारी सकाळी गाडी बागेच्या तोंडाशी उभी. मजूर नाहीत, भाव कुठला धरायचा यावर वाद. व्हॉट्सॲपनं मात्र सांगितलेलं काम इमानानं केलंय.

म्हणून बोलणं बदललं की आधी चॅट उघडून घड्याळावरचे जुने मेसेज काढायचे. तेही एका क्रमानं. एरोप्लेन मोड चालू करा, म्हणजे काढता काढता मेसेज निसटणार नाही. त्या मेसेजवर बोट दाबून धरा, डिलीट निवडा, Delete for me वर टॅप करा. सगळे निघाले याची खात्री करून एरोप्लेन मोड बंद करा. फोनमधून निघायच्या आधीच काढलेला मेसेज मागाहून जात नाही. मात्र क्वचित असं होतं की मेसेज सर्व्हरला पोचलेला असतो आणि ‘मिळाला’ हे उत्तर कच्च्या लाइनमुळे तुमच्यापर्यंत आलेलं नसतं. तेव्हा तुमच्याकडे घड्याळ आणि त्याच्याकडे मेसेज, अशी स्थिती असू शकते. गाडी किंवा पैशाचा प्रश्न असेल तर मेसेज काढल्यावर एक फोन करून ‘पाचचा मेसेज आला असेल तर धरू नका’ असं सांगून टाका.

मेसेज निघून गेल्याचं नंतर लक्षात आलं, तर तो दाबून धरून Delete for everyone निवडा. पाठवल्यापासून दोन दिवसांहून थोडा जास्त काळ ही सोय मिळते. त्यानं तो आधीच वाचला असेल तर त्याचा उपयोग नाही, तिथे फोनच करावा लागेल. आणि नेमका कधी पोचला यावरून वाद झालाच, तर स्वतःचा मेसेज दाबून धरा आणि Message info उघडा. Delivered समोरची वेळ म्हणजे त्याच्या फोनमध्ये पोचल्याची वेळ. वाद मिटवायला ती वेळ बघा, मेसेजच्या कोपऱ्यातली नाही.

नेट येणारच नाही असं दिसलं तर साधा एसएमएस हा चांगला पर्याय आहे, फोटोविना. त्याला इंटरनेट लागत नाही, बोलण्यापुरता सिग्नल पुरतो. भाव, क्विंटल, वेळ एवढं त्यात मावतं. पण एसएमएसमधल्या लाल खुणेचा अर्थ व्हॉट्सॲपइतका पक्का नसतो. गूगलच्या मेसेजेस ॲपमध्ये मेसेज गेला नाही आणि पुन्हा प्रयत्नासाठी टॅप करा अशा अर्थाची ओळ येते, टॅप केलं की तो नव्यानं पाठवला जातो. पहिला खरं तर गेलेला असेल आणि फक्त पोच आली नसेल, तर त्याला दोन एसएमएस मिळतात. तेव्हा एकदा टॅप करा, आणि तरी लाल राहिला तर बोलून घ्या.

एसएमएस सारखाच लाल होत असेल तर रिचार्ज बघा. बऱ्याच पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतात, तेवढे संपायचं तुमच्याकडे कारण नाही, पण पॅकची मुदत संपलेली असू शकते. येणारे फोन चालू राहतात म्हणून ते लक्षात येत नाही. आणि हरवलेलं सिम नुकतंच बदलून घेतलं असेल, तर पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस येणं-जाणं सुरक्षेसाठी बंद ठेवलेलं असतं. तेव्हा सेटिंग बदलत बसू नका, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेनंतर पाठवून पाहा.